कथा : चार पानांचा सारांश, आणि शेवटाविषयी एक प्रश्न

पूर्वभागकर

मी एक लघुकथा लिहिली आहे. तिच्या शेवटाविषयी मनाचे समाधान होत नाही, म्हणून ती येथे वाचायला देते. घर सोलापूरच्या पूर्व भागातले आहे. वडील आयुष्यभर यंत्रमागावर जेकार्ड चादरी विणणारे, आई घरी विड्या वळणारी, मुलगी येथेच नोकरी करणारी आणि मुलगा पुण्याला गेलेला.

*वडील जाऊन अकरा महिने झाले तेव्हा भावाचा फोन आला. वर्षश्राद्धाला सगळे जमणार होते. "नऊ तास कोण ऐकणार, ताई? तू ऐक आणि चार पाने कर. प्रती काढून सगळ्यांना देऊ," असे तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.*

*तिच्यापुढे तेवीस ध्वनिमुद्रणे होती. काही वडिलांच्या फोनमधून पेनड्राइव्हवर आली होती, काही भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवली होती. तिने वहीत दोन रकाने आखले आणि 'ठेवायचे' व 'सोडायचे' अशी डोकी दिली. विजेचे बिल, गुडघ्याचे दुखणे, उजनीचे पाणी चार दिवसांनी आल्याची तक्रार, हे सारे दुसऱ्या रकान्यात गेले. नक्षी आलेखाच्या कागदावर कशी उतरवायची, त्यावरून पत्त्यांना भोके कशी पाडायची आणि एक भोक चुकले की मोराच्या मानेवर पांढरा ठिपका कसा येतो, हे पहिल्या रकान्यात गेले.*

*अडचण आली ती टोपीपाशी. `Voice 004.m4a` मध्ये वडील शांतपणे सांगत होते, "माझे वडील सांगायचे. मार्शल लॉमध्ये ते चौदा वर्षांचे होते. गांधी टोपी दिसली की मारायचे, म्हणून त्यांनी ती सुताच्या लडींच्या खाली घातली." घरात दुसरा आवाज नव्हता.*

*`PTT-20210612-WA0003.opus` मध्ये तेच वडील म्हणत होते, "मी टोपी लडींच्या खाली घातली. शिपायाने हात घातला, वरची लडी उचलली, माझ्याकडे बघितले आणि लडी परत ठेवली." मागे आईची कातर चालली होती, तेंदूचे ओले पान कापताना होतो तसा आवाज, कर्र आणि टक, कर्र आणि टक.*

*वडिलांचा जन्म १९४८ चा. मार्शल लॉ १९३० चा. आई २०२० च्या दिवाळीत गेली, त्यानंतर वडील स्वतःशी फार बोलू लागले होते. वय झाले, गोष्टी एकमेकींत मिसळल्या, असे तिने ठरवले आणि सारांशात लिहिले : "आजोबांनी मार्शल लॉच्या काळात सुताच्या लडींखाली टोपी लपवली होती." दुसरे ध्वनिमुद्रण 'सोडायचे' या रकान्यात गेले.*

*छापायला देण्याआधी तिने ते एकदाच पुन्हा ऐकले. गोष्ट संपल्यावर वडील थांबले आणि तेलुगूत म्हणाले, "नीळ्ळु." कातर थांबली. कोणीतरी उठले. भांड्याचा आवाज झाला. चार पानांत ही ओळ कोठेही बसली नाही.*

कथा येथे संपते. माझा प्रश्न असा की दोन कथनांपैकी खरे ते ठेवून दुसरे सोडणारी ही मुलगी वाचकाला चुकलेली वाटते का? तिने योग्यच केले आणि तरीही काही निसटले, असा परिणाम मला हवा होता, परंतु तो साधला आहे की नाही हे मला उमगत नाही.

कडकभाकरी

सर्वप्रथम आपल्या वडिलांच्या निधनाबद्दल मनःपूर्वक सहवेदना. माझेही वडील तीन वर्षांपूर्वी गेले, त्यामुळे आपली मनःस्थिती मी समजू शकतो. आपण लिहिलेला पाठीमागचा कातरीचा आवाज काढून टाकणे मुळीच कठीण नाही. `Audacity` हा प्रोग्राम उघडून, नुसता गोंगाट असलेला दोन सेकंदांचा तुकडा निवडायचा, `Noise Reduction` मध्ये तो नमुना म्हणून द्यायचा आणि मग सर्व ध्वनिमुद्रणावर तो लावायचा. वडिलांचा आवाज अगदी स्वच्छ होईल. मी आमच्याकडच्या सर्व फाइलींवर हे करून घेतले आहे.

पूर्वभागकर

कडकभाकरी, आपल्या सहृदयतेबद्दल आभार, परंतु ही कथा आहे. माझे वडील ठणठणीत असून या क्षणी शेजारच्या खोलीत शेंगा निवडत बसले आहेत. आपला प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला, तेव्हा "मला मारलेस ते मारलेस, निदान वर्षश्राद्धाला हुग्गी तरी करायला लाव," असे ते म्हणाले.

रोखठोक

कथा चांगली आहे, पण तिच्यातल्या मुलीवर लेखिकेने विनाकारण अपराधाचे ओझे टाकले आहे. भावाने चार पाने मागितली, तिने चार पाने दिली. वडील १९३० मध्ये जन्मलेलेच नव्हते, तेव्हा ते टोपी लपवू शकत नाहीत, हे गणित दुसरीतले मूलही करील. चुकीचे वाक्य गाळणे याला सारांश म्हणतात आणि ते न गाळता छापणे याला आळस म्हणतात. आमच्या काकांनी आजोबांच्या आठवणींचे दोनशे पानी पुस्तक छापले, त्यात एकही शब्द गाळला नाही, आणि आज ते पुस्तक आमच्या घरी दाराला अडसर म्हणून लावतात.

ग्रंथपाल (निवृत्त)

रोखठोक यांचे गणित बरोबर आहे, परंतु त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मौखिक इतिहासाचे काम करणाऱ्यांना अशा चुका नेहमी भेटतात, आणि त्या गाळायच्या नसतात, हे शिकण्यात त्या शाखेची बरीच वर्षे गेली आहेत. इटलीतील तेर्नी या पोलादी कारखान्यांच्या गावात १९४९ मध्ये एका मोर्चात पोलिसांच्या गोळीने एक तरुण कामगार मरण पावला. अलेस्सांद्रो पोर्तेली या संशोधकाने पुढे तेथील कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ मध्ये, म्हणजे मोठ्या कामगार कपातीच्या वेळी झाला असे सांगितले. वर्ष चुकीचे होते. परंतु सारे एकाच दिशेने चुकत होते, आणि त्यावरून त्या गावाला आपल्या माणसाचा मृत्यू कोणत्या लढ्याशी जोडावासा वाटत होता, हे पोर्तेलींना कळले. वर्ष दुरुस्त करून मुलाखती छापल्या असत्या तर हे कोणालाच दिसले नसते.

सोलापुरात मार्शल लॉ ही कोणत्याही घराण्याची खासगी आठवण नाही. मे १९३० मध्ये तो लागला, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली, आणि त्यांचे पुतळे ज्या चौकात आहेत तेथून आपण रोज जातो. अशा गावात १९४८ साली जन्मलेला माणूस "मी टोपी लपवली" असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलतो किंवा विसरतो, एवढे दोनच पर्याय नसतात. आमच्या आजी "आम्ही प्लेगात माळावर झोपड्या बांधून राहिलो" असे सांगत, आणि प्लेगाच्या वेळी त्यांची आईसुद्धा परकरी पोर होती.

कथेतील मुलीची खरी चूक मला तिच्या वहीत दिसते. 'ठेवायचे' आणि 'सोडायचे' असे दोनच रकाने आखले की ऐकणारा पहिल्या मिनिटापासून न्यायाधीश होतो. आम्ही ग्रंथालयात ध्वनिफितींची सूची करीत असू, तेव्हा पहिली फेरी निवडीची नसेच. डावीकडे मिनिट आणि सेकंद, उजवीकडे त्या ठिकाणी काय चालले आहे याची एक ओळ, आणि बोलणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच पुरुषात, म्हणजे तो 'मी' म्हणाला असेल तर 'मी'. एका तासाच्या फितीला असे दोन-अडीच तास लागत. शब्दन् शब्द उतरवायचा म्हटले तर पाच-सहा तास कोठेच गेले नाहीत. नऊ तासांची सूची रोज संध्याकाळी बसून दोन आठवड्यांत होते. चार पाने त्या सूचीवरून करावीत, आणि त्यात काय आले नाही ते कोणालाही सूचीत पाहता यावे.

लडीवाला

मी पद्मशाली घरातला आहे आणि माझी आई वयाच्या सत्तरीपर्यंत विड्या वळत होती. ज्याला कडकभाकरी गोंगाट म्हणतात तो आमच्या घरी भिंतीवरच्या घड्याळासारखा होता. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कातरीने त्याच्या कडेने कापायचे, आणि कापलेले पान सुपात टाकायचे. लेखिकेने लिहिलेल्या 'कर्र आणि टक' यातला 'टक' हा कातर फर्म्याच्या पत्र्याला लागल्याचा आवाज आहे, आणि हे ज्याने घरात ऐकले असेल त्यालाच कळेल. या फाइलीवर तो गोंगाट काढण्याचा प्रयोग केला तर आईच पुसली जाईल, कारण या ध्वनिमुद्रणात आईचा दुसरा आवाजच नाही.

'नीळ्ळु' या शब्दाबद्दलही एक सांगतो. आमच्या घरात बाहेरच्या जगाशी बोलणे मराठीत आणि बायकोकडे पाणी मागणे तेलुगूत, अशी वाटणी आपोआप झालेली असते. वडील गोष्ट मराठीत सांगतात, म्हणजे ती मुलासाठी, फोनसाठी सांगत आहेत. पाणी तेलुगूत मागतात, म्हणजे तेथे ते फोन विसरले. सारांश सगळा मराठीत झाला की ही रेघ दिसेनाशी होते. निदान कंसात 'तेलुगूत' एवढे तरी त्या मुलीने लिहायला हवे होते.

खटपट्या

मी कथा तीनदा वाचली आणि मला वाटते की लेखिकेने स्वतःच ठेवलेला पुरावा कोणी पाहिलेला नाही. कदाचित लेखिकेनेही नाही.

आई २०२० च्या दिवाळीत गेली असे कथेत स्पष्ट म्हटले आहे. `PTT-20210612-WA0003.opus` या नावात १२ जून २०२१ ही तारीख आहे. आणि त्याच फाइलीत आईची कातर ऐकू येते, आई पाणी द्यायला उठतेही. मग जाऊन सात महिने झालेली आई पाने कशी कापते?

उत्तर सोपे आहे आणि कथेतच आहे. भावाने ती ध्वनिमुद्रणे व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवली होती. आलेल्या फाइलीला आपला फोन जे नाव देतो त्यातली तारीख ती फाइल आपल्याकडे कधी पोहोचली याची असते. वडील कधी बोलले याची नसते. म्हणजे १२ जून हा भावाने 'पुढे पाठवा' हे बटण दाबल्याचा दिवस. वडील त्याआधी, २०२० च्या दिवाळीपूर्वी केव्हातरी बोलले.

आता याचा परिणाम बघा. "आई गेल्यावर, वय झाल्यावर वडिलांच्या आठवणी मिसळल्या" या समजावर मुलीने 'मी' असलेले कथन सोडले. परंतु 'मी' असलेले कथन आई जिवंत असतानाचे आहे. उलट 'माझे वडील सांगायचे' असलेल्या `Voice 004` मध्ये घर शांत आहे. म्हणजे ते नंतरचे. वडील आधी 'मी' म्हणत होते आणि एकटे पडल्यावर त्यांनी स्वतःच ते 'माझे वडील' असे दुरुस्त केले. मुलगी ज्याला विस्मरण समजली ते आधीचे होते, आणि स्मरण नंतरचे. कथा पूर्ण उलटते.

कडकभाकरी

आधीच्या गैरसमजाबद्दल क्षमस्व, आणि आपले वडील शतायुषी होवोत. मात्र खटपट्या यांचे म्हणणे मला मान्य नाही. पेनड्राइव्हवर उतरवताना फाइलीसमोर दिसणारी तारीख बदलते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये हे खरे. परंतु नावातली तारीख कोणी बदलत नाही, म्हणून तीच भरवशाची असते. आमच्या घरच्या सर्व फाइली मी नावातल्या तारखेनेच लावल्या आहेत.

खटपट्या

नाव कोणी बदलत नाही हे बरोबर. पण ते मुळात कोणत्या घटनेवरून पडले हा प्रश्न आहे. वडिलांच्या स्वतःच्या फोनवर, त्यांनी बोलून पाठवलेल्या फाइलीचे नाव आणि बोलण्याचा दिवस एकच असतो. तीच फाइल वर्षाने मला पुढे पाठवली तर माझ्या फोनवर ती वर्षाने जन्मते. आपण सर्व फाइली एकाच फोनवरून, एकाच संध्याकाळी घेतल्या असतील तर पुष्कळांच्या नावात एकच तारीख असेल आणि फक्त `WA` पुढचा आकडा चढत जाईल. एकदा तपासून पाहावे.

कडकभाकरी

तपासले. चौदा फाइलींवर एकच तारीख आहे, आणि त्या दिवशी माझ्या बहिणीने त्या मला पाठवल्या होत्या. वडिलांनी एकाच दिवशी चौदा गोष्टी सांगितल्या असे मी तीन वर्षे सर्वांना सांगत आलो आहे.

शेंगाचटणी

वडिलांच्या कर्तबगारीविषयी आपण तीन वर्षे सर्वांचा आदर वाढवलात, ते काही वाया गेलेले नाही.

लडीवाला

खटपट्या, आपला पहिला अर्धा तर्क लोखंडासारखा आहे. कातर आहे म्हणजे आई आहे. परंतु दुसऱ्या अर्ध्यात आपण घसरलात. कातर नाही म्हणजे आई नाही, असे मात्र होत नाही.

वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला आणि पुढची पाने व तंबाखू आणायला आई रोज सकाळी जात असे. कुंभारीच्या घरकुलात राहायला गेलो तरी तो क्रम चुकला नाही. तेथे रांग असे, विड्या मोजून घेत, वाईट निघालेल्या बाजूला काढत, त्यावरून वाद होत, आणि ती परत यायला कधी दुपार होई. तेवढा वेळ घर शांत. वडील एकटे असतील आणि फोनशी बोलत असतील तर ती वेळ नेमकी तीच. शिवाय पाने ओली करून गोणपाटात दडपून ठेवण्याचे काम असते, वळण्याचे काम असते, दोरा गुंडाळण्याचे असते, आणि त्यांपैकी कशालाच कातर लागत नाही. तेव्हा `Voice 004` आईच्या आधीचे की नंतरचे, हे शांततेवरून ठरत नाही.

ग्रंथपाल (निवृत्त)

लडीवाला यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ऐकू आलेली गोष्ट पुरावा असते, न ऐकू आलेली बहुधा नसते. फितींच्या पाठीमागे भोंगा ऐकू येई तेव्हा आम्ही तो सूचीत लिहीत असू, कारण त्यावरून कधी कधी मुद्रणाची वेळ ठरवता येत असे. परंतु भोंगा नाही म्हणून गिरणी बंद पडली होती, असे आम्ही कधी लिहिले नाही.

'००४' या आकड्यावरूनही काही ठरत नाही, एवढे मीही सांगू शकतो. फोन बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

खटपट्या

मान्य आहे, घाई झाली. मात्र `.m4a` फाइलीच्या बाबतीत अजून एक दार उघडे असते. बहुतेक फोनचे रेकॉर्डर फाइलीच्या पोटात ती कधी केली हे लिहून ठेवतात आणि पेनड्राइव्हवर उतरवली तरी ते सहसा टिकते. संगणकावर `ffmpeg` असेल तर ही एक ओळ पुरे :

```
ffprobe -v error -show_entries format_tags=creation_time "Voice 004.m4a"
```

उत्तरात येणारी वेळ भारतीय नसते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. समजा त्यात `05:10` आले, तर सोलापुरात सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती, आणि लडीवाला यांच्या हिशेबाने आई कारखान्यात रांगेत उभी असू शकते. दिवस मात्र थेट कळेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या `.opus` मध्ये मला अशी नोंद कधी सापडली नाही, त्यामुळे त्या फाइलीसाठी भावाच्या फोनमधला मूळ संदेश पाहणे हाच मार्ग. आणि `Noise Reduction` करून नवी फाइल तयार केली की पोटातली नोंदही नव्या दिवसाची होते किंवा नाहीशी होते, म्हणून जे काही करायचे ते प्रतीवर करावे.

आजीची_नात

मूळ विषयापासून थोडे दूर जाते, परंतु राहवत नाही. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी कॅसेटवर घेतल्या होत्या. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे दात असतात, ते मोडले की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. वडिलांनी ते मोडले. आठवीत असताना मला सिनेमाची गाणी भरायची होती आणि कोरी कॅसेट नव्हती. मैत्रिणीने शिकवले की त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की झाले. मी चिकटपट्टी लावली. आज त्या कॅसेटवर एका बाजूला गाणी आहेत, आणि शेवटच्या गाण्यानंतर अर्धा मिनिट आजी आहे, मध्येच सुरू झालेली. घरात सर्वांना तो अर्धा मिनिट पाठ आहे. त्यात ओवी अर्धीच आहे, पुढे आजी कोणाला तरी "कोंबडी हाकल" असे सांगते.

'सोडायचे' या रकान्यात मुलीने विजेचे बिल आणि गुडघे टाकले, ते वाचताना मला ती कोंबडी आठवली.

रोखठोक

मी वाचतो आहे आणि माझे मत थोडे हलले आहे, हे कबूल करतो. तारीखच चुकीची धरली असेल तर मुलीचा निर्णय चुकीच्या पायावर उभा आहे. परंतु निर्णय घेणे चूक, असे अजूनही कोणी सिद्ध केलेले नाही. वर्षश्राद्धाला जमलेल्या मावशीच्या हातात मिनिट-सेकंदांची सूची दिली तर ती तिच्यावर लाडू ठेवील. चार पानांत टोपीची गोष्ट एकदाच येणार. मग ती कोणाच्या डोक्यावर ठेवायची ते सांगा.

ग्रंथपाल (निवृत्त)

एकाच्या डोक्यावर ठेवण्याची गरज नाही. "ही गोष्ट बाबा कधी आजोबांची म्हणून सांगत, कधी स्वतःची म्हणून," एवढे एक वाक्य चार पानांत सहज बसते, आणि ते खरेही आहे. कोणते कथन आधीचे हे कळले नसेल तर क्रम लिहू नये. मावशीला ते वाक्य नक्की समजेल, कदाचित लाडू बाजूला ठेवून ती सांगेल की लहानपणी तिच्यापुढेही ते 'मी'च म्हणत असत.

पूर्वभागकर

खटपट्या यांचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस गप्प होते, कारण तो पुरावा मी ठेवलेला नव्हता. कातर मला केवळ वातावरणासाठी हवी होती. फाइलीचे नाव मी माझ्या फोनमधल्या एका खऱ्या फाइलीवरून उचलले आणि आईच्या मृत्यूचे वर्ष वेगळ्या दिवशी लिहिले. म्हणजे माझ्या निष्काळजीपणातून कथेला असे काही मिळाले आहे जे मला सुचले नसते, आणि ते दुरुस्त करावे की ठेवावे, हा तोच प्रश्न आता माझ्यापुढे आला आहे.

मी ते ठेवणार आहे. मुलीला ते शेवटी कळेल की कळणारच नाही, हे मात्र ठरत नाही.

आणखी एक गोष्ट विचारते. पहिल्या मसुद्यात एक प्रसंग होता, तो मी येथे देताना काढला. एका ध्वनिमुद्रणात वडील सांगतात की त्यांच्या मोराच्या नक्षीच्या पत्त्यांचा संच गल्लीतल्या एका माणसाने रात्री उचलून दुसऱ्या कारखानदाराला विकला. ते त्याचे नाव घेतात. तो माणूस आता नाही, पण त्याचा नातू त्याच गल्लीत राहतो आणि वर्षश्राद्धाला जेवायला येणार आहे. तेथे मुलीने काय करावे?

लडीवाला

चार पानांत नाव घालू नये. पत्त्यांचा एक संच गमावणे म्हणजे काय हे पूर्व भागात सर्वांना कळते, त्यामुळे तो आरोप लहान नाही, आणि उत्तर द्यायला तो माणूस हयात नाही. वडिलांनी एकदा रागात म्हटले असेल, दुसऱ्यांदा म्हटले नसेल. परंतु मूळ ध्वनिमुद्रण कापू नये, आणि सूचीत 'येथे एक नाव आहे, ते सारांशात घेतलेले नाही' असे लिहावे. गाळले आहे हे तरी दिसले पाहिजे.

रोखठोक

तसे लिहिले की गल्लीतला प्रत्येक जण त्या नावाचा शोध सुरू करील. मी तर ते वाक्यच लिहिणार नाही. काही गोष्टी खरोखर सोडायच्या असतात.

आजीची_नात

या एका बाबतीत मी रोखठोक यांच्या बाजूने आहे. पण फाइल पुसू नका.

कडकभाकरी

मी काल रात्री वडिलांच्या स्वच्छ केलेल्या फाइली पुन्हा ऐकल्या. वडिलांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला आहे, हे मला आधी जाणवले नव्हते. मूळ फाइली बहिणीच्या फोनमध्ये अजून आहेत, असे ती म्हणाली. ती शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने येते आहे आणि फोन घेऊन येणार आहे. तिला त्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, केबलने देऊ, असे मी बजावून सांगितले आहे.

खटपट्या

उत्तम. फोन संगणकाला जोडलात की आधी संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्या आणि नावे बदलू नका. ऐकणे, लावणे, स्वच्छ करणे हे सर्व त्यानंतर आणि दुसऱ्या प्रतीवर.

पूर्वभागकर

शेवट बदलला आहे. आता चार पाने छापून होतात आणि प्रती वाटल्या जातात, पण त्यानंतर मुलगी वही पुन्हा उघडते, दोन रकान्यांवरची डोकी खोडते आणि एकच फाइल पहिल्यापासून ऐकते. तिला क्रम कळला की नाही, हे मी सांगितलेले नाही. चौकसांना कळावे एवढे मात्र त्या पानावर आहे. हे कथेचे नवे शेवटचे पान :

*`PTT-20210612-WA0003.opus`*

*००:०० आई पाने कापते आहे. बाबा खाकरतात.*

*००:१९ "मी टोपी लडींच्या खाली घातली."*

*०१:०४ शिपाई वरची लडी उचलतो, ठेवतो. बाबा येथे थांबतात. कातर चालू.*

*०१:३१ "नीळ्ळु." (तेलुगूत)*

*०१:३३ कातर थांबते.*

*०१:४० भांडे. पाणी ओतल्याचा आवाज.*

*०१:५२ कातर पुन्हा सुरू.*

वडिलांना हे वाचून दाखवले. "शिपाई त्याच्याकडे बघतो, ते तुझ्या यादीत राहिले," असे ते म्हणाले, आणि शेंगांची टोपली घेऊन आत गेले.